काचेच्या भिंतीचा वाक

अहवाल आला तो मे महिन्यात, ई-मेलने, बासष्ट पानांचा. त्याची वाट पाहणं आम्ही सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. पाच आठवड्यांपूर्वी प्रयोगशाळेतून, काचेची भिंत बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचा फोन आला होता, 'पास झालं', आणि त्या दोन शब्दांवर जळगावला इमारतीवर काचा चढायला लागल्या होत्या.

मी धुळ्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तेव्हा नोकरीला चौदा वर्षं झाली होती. ते आर्किटेक्ट म्हणजे आमचे सर; त्यांनी कॉलेजात मला शिकवलं आणि नंतर स्वतःच्या ऑफिसात घेतलं. जळगावला एका ट्रस्टचं हॉस्पिटल उभं राहत होतं, सहा मजली, हायवेच्या बाजूला, आणि त्याचा दर्शनी भाग सगळा काचेचा. खानदेशात काच म्हणजे उन्हाला आमंत्रण, असं मी सुरुवातीला म्हणूनही पाहिलं होतं. पण ट्रस्टच्या लोकांनी पुण्याला तसं हॉस्पिटल बघितलं होतं आणि त्यांना तसंच हवं होतं.

अशी भिंत म्हणजे इमारतीला बाहेरून टांगलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यात बसवलेल्या काचा. ती छताचं वजन घेत नाही. तिनं वारा झेलायचा, पाणी बाहेर ठेवायचं, बस. त्या सांगाड्यातल्या उभ्या पोकळ खांबाला मलियन म्हणतात. वारा काचेवर दाबतो, काच मलियनवर दाबते, मलियन वाकतो. किती वाकू द्यायचा याला हद्द असते. इमारतीवर चढवण्याआधी तशाच भिंतीचा एक तुकडा, म्हणजे मॉकअप, प्रयोगशाळेत उभा करतात, त्याच्यावर पाणी मारतात, हवेचा दाब देतात, आणि काय झालं ते लिहून पाठवतात. तो अहवाल तपासून मंजूर करणं माझं काम होतं.

फॅब्रिकेटरला आम्ही सगळे नाना म्हणायचो. साठीच्या आसपासचा माणूस, मूळ दोंडाईच्याकडचा. तीस वर्षांपूर्वी जळगावला येऊन खिडक्यांच्या स्लायडिंग चौकटी बनवण्यापासून सुरुवात केलेली, आता एमआयडीसीत स्वतःची शेड आणि अकरा माणसं. माझं माहेरही त्याच शिंदखेडा तालुक्यातलं, म्हणून साइटवर सगळे मला मॅडम म्हणत तरी नाना ताई म्हणायचे आणि बोलताना मधूनच अहिराणीत शिरायचे. काचेच्या भिंतीचं इतकं मोठं काम त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. ते त्यांना मिळावं म्हणून मीच सरांकडे शब्द टाकला होता.

अहवाल मी सकाळी उघडला. पहिली पानं नेहमीची. मग पाण्याची स्थिर चाचणी: बाहेरून सारखा फवारा, तीनशे पास्कल दाब, पंधरा मिनिटं, आतल्या बाजूला थेंब येता कामा नये. तिथं एक ओळ होती. पहिल्या प्रयत्नात अकराव्या मिनिटाला खालच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आत आलं. दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणी घेतली, गळती नाही. निकाल: पास.

दुरुस्ती म्हणजे काय केलं, ते मुख्य मजकुरात नव्हतं. परिशिष्टात एक फोटो होता. आडवी पट्टी मलियनला जिथं मिळते, त्या सांध्यात आणि स्क्रूच्या डोक्यांवर काळं सिलिकॉन भरलेलं दिसत होतं. आमच्या मंजूर ड्रॉइंगमध्ये तिथं सिलिकॉन नव्हतं.

मी नानांना फोन लावला. "नाना, लॅबमध्ये कोपऱ्यात सिलिकॉन भरलं होतं का?"

"हो ताई. पहिल्यांदा जरा पानी उनं. मग पोरांनी भरलं. नंतर टिपूस नाही आला."

"आणि साइटवर? तिथं भरताय ना प्रत्येक कोपऱ्यात?"

"बघतो," नाना म्हणाले.

मला राग आला. प्रयोगशाळेत जी भिंत पास झाली ती ही नव्हतीच. मी भराभर शेरे लिहायला घेतले, लाल अक्षरात, फार कडक भाषेत. आता आठवलं की त्या भाषेचीच लाज वाटते. मग वाऱ्याच्या दाबाचे आकडे पाहिले. दीड किलोपास्कल दाबाला मलियनच्या वरच्या टोकाची सरक २.१ मिलिमीटर, खालच्या टोकाची २.९, मध्यावर १८.९. टोकांची सरासरी वजा केली की खरा वाक राहतो १६.४. हद्द साडेवीसची. म्हणजे चांगला ऐसपैस पास. दीडपट दाब देऊन सोडल्यावर कायमचा वाकही नगण्य, अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर. त्या पानावर मी हिरवी खूण केली आणि दुपारच्या एसटीनं जळगावला निघाले.

पारोळा, एरंडोल, खिडकीतून येणारी वाफेसारखी हवा. साइटवर पोचले तेव्हा चार वाजत आले होते. नाना दारातच उभे होते, टोपी हातात घेऊन.

पहिल्या मजल्यावरच्या एका सांध्याची बाहेरची झाकणपट्टी आम्ही काढायला लावली. आत सिलिकॉन नव्हतं. दुसरा सांधा उघडला, तिथंही नव्हतं. तिसरा मी उघडू दिला नाही.

"लॅबला गेलेली दोन माणसं वेगळी होती ताई," नाना म्हणाले. "परत आली नि मी त्यांना दुसऱ्या कामावर लावलं. साइटवाल्यांना सांगायचं राहून गेलं. माझी चूक शे."

"चूक? नाना, दोन मजल्यांच्या काचा चढल्यात. उद्या पावसाळ्यात आयसीयूच्या भिंतीतून पाणी आलं तर?"

माझा आवाज चढला होता. त्यांची माणसं बघत होती. नानांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "सगळे उघडतो. एकूण एक कोपरा भरून देतो."

असं मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले, आणि त्यानंतर जेमतेम दहा मिनिटांनी तळमजल्याच्या हॉलमध्ये गेले.

हा हॉल म्हणजे बाह्यरुग्ण विभागाची नोंदणीची जागा. काचेला लागून बाकं कुठं येणार, ते फरशीवर खडूनं आखलेलं होतं. मी सहज वर पाहिलं. मलियन मला लांब वाटला. डोळ्यांनी बघून इंजिनिअरनं काही ठरवू नये, पण वाटलं. मी नानांच्या माणसाकडून टेप घेतला आणि खालच्या ब्रॅकेटपासून वरच्या ब्रॅकेटपर्यंत माप घेतलं. चार हजार दोनशे मिलिमीटर.

प्रयोगशाळेत उभा केलेला मलियन तीन हजार सहाशेचा होता. वरचे सगळे मजले तेवढ्याच उंचीचे. तळमजल्याच्या या हॉलची उंची मागच्या वर्षी ट्रस्टच्या सांगण्यावरून वाढवली होती, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण मॉकअपचा आराखडा त्याआधीचा होता, आणि प्रयोगशाळा तिच्यापुढे जे उभं केलं जातं तेवढंच तपासते.

माझ्या मनात पहिला विचार आला तो नानांचाच. यांनी परस्पर तोच मलियन लांब कापून लावला.

"नाना, इथं उंची वाढल्यावर मलियन तोच ठेवा असं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की," ते म्हणाले. त्यांनी ते आरोपासारखं म्हटलं नाही. माझी आठवण चुकतेय असं त्यांना वाटलं असावं. खांद्याच्या पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यातून घडी घातलेलं ड्रॉइंग काढलं आणि मशीनच्या खोक्यावर पसरलं. तळमजल्याचा उभा छेद, ४२०० लिहिलेलं, मलियनचा तोच सेक्शन, म्हणजे तोच आकार आणि तीच जाडी. शेजारी नानांच्या ड्राफ्ट्समननं विचारलेलं: वरच्या मजल्यांसारखाच सेक्शन चालेल का, कळवावे. खाली आमच्या ऑफिसचा मंजुरीचा शिक्का. शिक्क्यात सही.

"तुमचीच सही शे ना ताई?" नाना म्हणाले.

माझीच होती.

त्या तारखेला काय विशेष होतं ते मी नंतर खूप आठवून पाहिलं. घरी कुणी आजारी नव्हतं, अंगात ताप नव्हता, ऑफिसात घाई नव्हती. डायरीत त्या दिवशी फक्त 'शॉप ड्रॉइंग, १४ शीट' एवढं लिहिलेलं आहे. चौदा कागदांवर एकामागून एक शिक्के मारले होते. प्रश्न मी वाचलाच नव्हता, किंवा वाचला आणि लांबी थोडीच वाढलीय म्हणून सोडून दिला. कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

लांबी थोडीच वाढते, वाक थोडा वाढत नाही. सारख्या दाबाखाली मलियनचा वाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. परतीच्या एसटीत अहवालाच्याच मागच्या बाजूला मी गणित केलं. लांबी एक षष्ठांशानं जास्त, म्हणजे वाक १.८५ पट. सोळा पूर्णांक चारचे तीस पूर्णांक चार झाले. या लांबीला हद्द जेमतेम चोवीस. पुन्हा केलं. पुन्हा तेच. एरंडोलला एक बाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनी विचारलं, "बरं वाटत नही का पोरी?" मी नुसती मान हलवली. नऊ मलियन होते त्या हॉलला. नऊच्या नऊ उभे राहिलेले, काचा बसलेल्या. आणि बाह्यरुग्ण विभागाच्या उद्घाटनाची तारीख ठरून पत्रिका छापायला गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये दार लावून बसले आणि सगळं सांगितलं. सरांनी ड्रॉइंग पाहिलं, माझी सही पाहिली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. नानांना माप माहीत आहे, पण त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आलेला नाही."

"अहवालात पास लिहिलंय?"

"हो सर. पण तो छत्तीसशेसाठी."

"ते तू म्हणतेस. लांबी लिहिलेलं बेचाळिसावं पान ट्रस्टमधलं कोण वाचणार आहे?" मग माझ्याकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, मी काही खोटं कर म्हणत नाही. पण तू सगळ्यात वरच्या मजल्याच्या वाऱ्याचा दाब तळमजल्याला लावतेयस. खाली वारा कमी असतो. दाब नीट काढ. बसत असेल तर बसव. नसेल तर मग बोलू."

यात चूक काहीच नव्हतं. खाली दाब खरोखर कमी धरता येतो. मी अक्षरशः पळत माझ्या टेबलाशी गेले. तळमजल्यासाठी दाब काढला, दहा टक्के कमी आला. वाक सत्तावीस पूर्णांक चार. अजूनही साडेतीन मिलिमीटर जास्त.

पुढचे तीन दिवस मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. हॉलच्या वरच्या बीमवर ब्रॅकेट किंचित खाली घेता येईल का पाहिलं, जागा नव्हती. अ‍ॅल्युमिनियमची जाडी कारखान्यात थोडी जास्तच भरते असं ऐकलं होतं, म्हणून नानांना न सांगता त्यांच्या शेडमधला एक तुकडा मागवून कॅलिपरनं मोजला. ड्रॉइंगमध्ये होती तेवढीच भरली, केसभरही जास्त नाही. घरी नवऱ्यानं विचारलं, काय झालंय, मी म्हटलं ऑफिसचं आहे. आईला फोन करायचे आणि दुसरंच काहीतरी बोलून ठेवून द्यायचे.

रविवारी दुपारी घरी एकटी होते. लॅपटॉपवर दाबाची शीट उघडली. त्यात एक रकाना असतो, इमारतीच्या आजूबाजूला काय आहे त्याचा. मोकळं रान असेल तर वारा जोरात, दाट वस्ती असेल तर मंद. हॉस्पिटलसमोर हायवे आणि त्याच्या पलीकडे मैलभर उघडी शेतं. मी दोन लिहिलेलं होतं, म्हणजे जवळजवळ मोकळं. त्याच्या जागी तीन टाकलं. दाट वस्ती.

वाक आला बावीस पूर्णांक सात. रकाना हिरवा झाला.

एक आकडा. जळगाव वाढतंयच, पाच-दहा वर्षांत समोर इमारती होणारच, असं मी स्वतःला मोठ्यानं म्हणून दाखवलं. फाइल सेव्ह केली. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं खरंच वाटलं, आणि मी पलंगावर आडवी होऊन झोपले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

जाग आली ती दार आपटल्यानं. उन्हाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी अचानक वावटळ उठते, तशी उठली होती. समोरच्या गच्चीवरचा पत्रा फडफडत होता. फार मोठं वादळ नव्हतं, दहा मिनिटांत बसलं. पण मी खिडकी धरून उभी होते आणि मला तो खडूनं आखलेला बाकांचा चौकोन दिसत होता. तिथं काचेला पाठ लावून बसणार कोण? शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरून पहाटे निघून आलेले लोक, लेकरांना मांडीवर घेऊन, केसपेपरची वाट बघत. मलियन जास्त वाकला म्हणून भिंत पडत नाही. पण काचेची कड खोबणीतून सरकते, रबर सुटतं, पाणी आत येतं, आणि काच कडेला अ‍ॅल्युमिनियमला टेकली तर तडकते.

मी धीट झाले असं नाही. उलट भीती वाढली. खोटा आकडा माझ्या नावानं त्या फाइलमध्ये कायमचा राहील, आणि दर उन्हाळ्यात वारा सुटला की मी अशी खिडकी धरून उभी राहीन, एवढंच मला दिसलं. तीनचे पुन्हा दोन केले.

सोमवारी सरांना न विचारता पत्र लिहिलं. अहवाल नामंजूर, दोन कारणं. एक, पाण्याच्या चाचणीतली दुरुस्ती इमारतीवर झालेली नाही. दोन, तपासलेल्या मलियनची लांबी तळमजल्याला लागू पडत नाही, आणि प्रत्यक्ष लांबीला वाक हद्दीबाहेर जातो. शेवटी लिहिलं: तळमजल्याचं ड्रॉइंग मी मंजूर केलं होतं, ती चूक माझी आहे. प्रती ट्रस्टला, सरांना, नानांना.

पाठवायचं बटण दाबलं आणि पत्राची छापील प्रत काढून फाइलला लावली.

सरांनी मला बोलावलं नाही. ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. "एक दिवस थांबली असतीस," एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

नानांचा फोन दुपारी आला. कुणाकडून तरी इंग्रजी पत्र वाचून घेतलं असावं. "ताई, म्हणजे काय व्हयनं? नऊ मलियन काढायचे? काचा सगळ्या उतरवायच्या?"

"हो नाना."

"तुम्ही हो म्हटलं म्हनीसन मी लावलं."

"हो."

"मी इचारेल होतं ना कागदवर?"

"तुम्ही विचारलं होतं. मी वाचलं नाही."

मागे शेडमध्ये कटरचा आवाज येत होता. मग तो थांबला. "मनी माणसं माले इचारतीन," नाना हळू म्हणाले. "आते काय सांगू मी त्यासले?" मी फोन ठेवायची ते वाट बघत होते, मी ठेवत नव्हते, शेवटी तो आपोआप कटला.

ट्रस्टची बैठक गुरुवारी, हॉस्पिटलच्याच एका अर्धवट खोलीत झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, कूलर, आणि समोर माझं पत्र घेऊन ट्रस्टचे सचिव, म्हणजे एक निवृत्त प्राचार्य. शेजारी सर. दाराजवळच्या खुर्चीत नाना.

"भिंत पडेल का?" सचिवांनी विचारलं.

"पडणार नाही. पण जोराच्या वाऱ्यात हद्दीपेक्षा जास्त वाकेल. काचा सुटतील, गळतील, एखादी तडकेल."

"आणि हे वरच्या मजल्यांना?"

"वर नाही. वर फक्त कोपरे भरायचे आहेत."

"हा कागद तपासायला आम्ही तुमचं ऑफिस नेमलं होतं ना?"

"हो."

"मग तुम्हाला कशाला ठेवलं होतं?"

मला वाटलं सर काहीतरी बोलतील. ते हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत होते. मी म्हटलं, "याचं उत्तर माझ्याकडे नाही."

नाना मागून उठले. "साहेब, पाण्याचं माझं शे. कोपरे भरायचे मी विसरलो. सगळं ताईंवर टाकू नका."

त्या क्षणी त्यांनी हे बोलायला नको होतं. त्यांच्या बाजूचा एकमेव चांगला मुद्दा हा होता की त्यांनी मंजूर कागदाप्रमाणे काम केलं. सचिवांनी नुसतं वहीत काहीतरी टिपून घेतलं. ते काय होतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. नऊ मलियन आणि कोपरे नानांनी दुरुस्त करून द्यायचे; उरलेल्या चार मजल्यांचं काम बाहेरच्या मोठ्या कंपनीला. 'दोन चुका सापडल्यामुळे' असं पत्रात होतं. त्यातली एक माझी होती, पण काम गेलं ते नानांचं.

उद्घाटन त्याच तारखेला झालं, बाजूच्या दारानं. हॉलच्या बाजूला कापडी कनात लावली होती. मी गेले नाही.

दुरुस्ती पाच आठवडे चालली. काचा उतरवून मलियन खाली घ्यायचे, पोकळीत पोलादी चौकोनी नळी सरकवायची, पुन्हा उभे करायचे. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं, त्यामुळे नळी बारीक असूनही पुरत होती. दोन धातू एकमेकांना लागून गंजू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घालायच्या होत्या. मी एक दिवसाआड धुळ्याहून जायचे. कुणी बोलावलं नव्हतं. प्रत्येक नळीची लांबी, प्रत्येक पट्टी, प्रत्येक कोपऱ्यातलं सिलिकॉन स्वतः पाहत होते. आता सगळं पाहत होते. नाना माझ्याशी कामापुरतं बोलायचे. ताई म्हणणं त्यांनी सोडलं नव्हतं, पण चहाला बसवणं सोडलं होतं.

नवा मॉकअप बेचाळीसशेचा केला, नळीसकट, आणि या वेळी मी चाचणीला स्वतः हजर राहिले. पाण्याचा फवारा सुरू झाला तेव्हा मी आतल्या बाजूला खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी उकिडवी बसले होते. नाना माझ्या शेजारी. अकरावं मिनिट आलं. बारावं. चाचणी घेणाऱ्या माणसानं आम्हाला दोनदा खुर्ची दिली, आम्ही बसलो नाही. पंधरा मिनिटं झाली, कोपरा कोरडा होता. नानांनी बोटानं तो चाचपला आणि बोट शर्टाला पुसलं, कोरडंच बोट.

दाबाच्या चाचणीत पूर्ण दाबाला वाक आला एकोणीस पूर्णांक आठ. त्यानंतर पाण्याची चाचणी पुन्हा घेतली, कारण वाकून सरळ झालेली भिंत गळते का तेही पाहायचं असतं. गळली नाही. अहवाल तीन आठवड्यांनी आला. पहिली ओळ मी वाचली ती लांबीची. मग सगळी पानं, परिशिष्टासकट, एकेक फोटो. दोन दिवस लागले. मंजुरी लिहिली आणि सही करण्यापूर्वी इतका वेळ थांबले की स्क्रीन काळी झाली.

नानांना फोन केला. "पास झालं नाना. मंजूर करून पाठवलंय."

"ठीक शे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, मला माफ करा." हे मी याआधी कधी नीट म्हटलंच नव्हतं. पत्रात 'चूक माझी' लिहिलं होतं, पण ते ट्रस्टला लिहिलं होतं.

"माफ काय करायचं ताई," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पाच माणसं कमी केली मी. त्यातला एक आता केळीच्या गाड्या भरतो रावेरला. चांगला फिटर होता." मग म्हणाले, "ठेवतो. चूल पेटायची शे." दुपारचे तीन वाजले होते.

काचेच्या भिंतीचं काम नानांनी परत घेतलं नाही. बंगल्यांच्या खिडक्या करतात, असं ऐकते. सरांच्या ऑफिसात मी अजून आहे. भिंतींचे अहवाल आता माझ्याकडे येत नाहीत, ते नाशिकच्या एका सल्लागाराकडे जातात आणि सर त्यावर सही करतात. माझ्याकडे पाया, स्लॅब, जिने असं साधं काम असतं. ते मी फार हळू करते. बरोबरचे लोक कंटाळतात.

मागच्या पावसाळ्यात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी त्याच हॉस्पिटलमध्ये जावं लागलं. दुसरीकडे नेऊ म्हणून मी टाळून पाहिलं, पण डॉक्टर तिथलेच चांगले. नोंदणीच्या हॉलमध्ये बाकं भरलेली होती. बाहेर पाऊस आडवा येत होता, काचेवरून पाण्याचे पाट वाहत होते. आई म्हणाली, "इथं बस ना, जागा शे." काचेला लागूनच जागा होती. मी आईला तिथं बसवलं, आणि स्वतः तिच्यासमोर उभी राहिले, नंबर येईपर्यंत, खालच्या कडेकडे बघत.